उडी मारण्याआधी आपण खाली का जातो?

बायोमेकॅनिक्सच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न मी हमखास विचारते. हात कमरेवर ठेवून गुडघे वाकवले, तिथेच तीन सेकंद स्थिर थांबलात आणि मग उडी मारलीत. दुसऱ्या वेळी उभ्यानेच झटकन खाली गेलात आणि न थांबता वर उसळलात. दुसरी उडी उंच जाते. का?

उत्तर पाठ असतं: "मॅडम, खाली जाताना कंडरेत इलॅस्टिक एनर्जी साठते आणि वर येताना ती परत मिळते." मग मी विचारते की पहिल्या उडीत ती का साठत नाही? स्नायूने जोर लावला की कंडरा तेव्हाही ताणली जातेच की! इथे खोली शांत होते.

दोष मुलांचा नाही. जिममधले कोच, मोबाइलवरचे रील्स, कितीतरी नोट्स, सगळीकडे हेच एका ओळीचं उत्तर फिरत असतं. ते पूर्ण चूक म्हणता येणार नाही, पण ज्या उडीसाठी ते सांगितलं जातं तिथेच ते सर्वात लंगडं पडतं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तरी एका ओळीवर थांबू नये, म्हणून हा लेख.

आधी तीन उड्या ओळखून घेऊ

स्नायू आधी ताणला जाऊन लांबतो आणि मग लगेच आखडतो, या जोडीला स्ट्रेच-शॉर्टनिंग सायकल म्हणतात. पुढे मी तिला नुसती 'सायकल' म्हणेन. लांबताना स्नायू ढिला नसतो, तो जोर लावत असतो, पण भार त्याला मागे रेटत असतो. खाली जाणाऱ्या शरीराला थोपवणारी मांडी हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

प्रयोगशाळेत ही सायकल तीन उड्यांमधून तपासतात. वाकलेल्या स्थितीत थांबून मारलेली ती स्क्वॉट जंप, हिच्यात सायकल जवळजवळ नसते. उभ्यानं खाली जाऊन लगेच मारलेली ती काउंटरमूव्हमेंट जंप. तिला आपण 'झोक्याची उडी' म्हणू, दर वेळी ते लांबलचक नाव नको. तिसरी ड्रॉप जंप: ठोकळ्यावरून खाली उतरायचं आणि पाय टेकताक्षणी पुन्हा उसळायचं.

पहिल्या दोन उड्यांमधला फरक बहुतेकांचा काही सेंटिमीटरच भरतो. हे काही सेंटिमीटर येतात कुठून, हाच आपला मुख्य प्रश्न.

तळाशी वेग शून्य, पण बल दुप्पट

समजा, आपली विद्यार्थिनी 60 किलोची आहे. तिचं वजन न्यूटनमध्ये साधारण 590. ती फोर्स प्लेटवर, म्हणजे पायांखालचं बल क्षणाक्षणाला मोजणाऱ्या पाटावर, उभी आहे. हलली नाही तर आलेख 590 वर सरळ रेषेत चालतो.

आता ती झोक्याची उडी मारते. खाली जाण्यासाठी ती आधी पायांमधला जोर सोडते, त्यामुळे आलेख 590 च्या खाली घसरतो. सोप्या हिशेबासाठी धरू की 0.3 सेकंद सरासरी बल 390 राहिलं. म्हणजे वजनापेक्षा 200 न्यूटन कमी, तेही 0.3 सेकंद. गुणाकार 60. याला 60 किलोने भागलं की खाली जाण्याचा वेग मिळतो: सेकंदाला 1 मीटर.

हा वेग तिला तळाशी पोचेपर्यंत शून्यावर आणायचा आहे. त्यासाठी तेवढाच, म्हणजे 60 चा, गुणाकार आता वरच्या दिशेने हवा. ब्रेक लावायला तिने 0.2 सेकंद घेतले तर वजनाच्या वर सरासरी 300 न्यूटन लागतील. ब्रेक लागायला सुरुवात होते तेव्हा हे जादा बल शून्य असतं. तिथून ते सरळ रेषेत चढत गेलं तर तळाशी 600 होईल. 590 अधिक 600, म्हणजे 1190 न्यूटन. वजनाच्या दुप्पट.

हा आकडा नीट बघा. सगळ्यात खालच्या क्षणी तिचा वेग शून्य आहे आणि पायांखालचं बल मात्र वजनाच्या दुप्पट आहे. परीक्षेत इथेच गोंधळ होतो. वेग शून्य म्हणजे त्वरणही शून्य, म्हणजे बल वजनाइतकं, असं मुलं लिहून मोकळी होतात. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो तेव्हाही गुरुत्वाकर्षण त्याला ओढतच असतं, हे अकरावीत शिकलेलं असतं, पण स्वतःच्या शरीराला लावायचं सुचत नाही. खाली जाणाऱ्या शरीराला जो थांबवतो त्याला थांबवण्याच्या क्षणी वजनापेक्षा जास्तच बल लावावं लागतं.

आता स्क्वॉट जंप. ती वाकून तीन सेकंद थांबली आहे, आलेख 590 वर स्थिर आहे. उडी सुरू होते त्या क्षणी जादा बल शून्य. तिला शून्यापासून चढायचं आहे.

दोन्ही उड्या एकाच खोलीवरून, एकाच गुडघ्याच्या कोनातून वर निघतात. एक वजनाच्या दुप्पट बलाने, दुसरी नुसत्या वजनाइतक्या बलाने.

पहिल्या पाच सेंटिमीटरांचा हिशेब

स्नायूला 'लाव जोर' असा आदेश मिळाला तरी पूर्ण जोर लगेच येत नाही. संदेश पोचणं, तंतूंमध्ये कॅल्शियम सुटणं, अ‍ॅक्टिन-मायोसिनचे पूल जुळणं आणि कंडरेतला सैलपणा निघणं, या सगळ्याला वेळ जातो. पायाच्या मोठ्या स्नायूंना जोराच्या शिखराजवळ पोचायला साधारण 0.3 सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. आणि वर येण्याचा अख्खा टप्पाच जेमतेम 0.3 ते 0.4 सेकंदांचा! म्हणजे स्क्वॉट जंपमध्ये जोर भरात येईपर्यंत बरीच वाट सरून गेलेली असते.

बडोद्यात राहणाऱ्याला हे उत्तरायणातून कळायला हरकत नाही. 14 जानेवारीला गच्चीवर फिरकी धरलेल्या कुणालाही विचारा. मांज्याला ढील दिलेली असताना खेच मारली तर हाताची पहिली वीतभर ओढ फक्त झोळ काढण्यात जाते, पतंगाला काही कळतच नाही. मांजा आधीच तणावात असेल तर बोटभर खेचसुद्धा थेट पतंगापर्यंत पोचते. स्क्वॉट जंपमध्ये स्नायू आणि कंडरा झोळ काढत असतात तेव्हाच शरीर वर सरकायला लागलेलं असतं. झोक्याच्या उडीत झोळ खाली जातानाच निघून गेलेला असतो.

आता आकडे घालू. काम म्हणजे बल गुणिले अंतर. झोक्याच्या उडीत वर येण्याच्या पहिल्या 5 सेंटिमीटरमध्ये जादा बल 600 च्या आसपास टिकलं, तर काम झालं 30 ज्यूल. स्क्वॉट जंपमध्ये त्याच 5 सेंटिमीटरमध्ये जादा बल शून्यापासून 400 पर्यंत चढलं, सरासरी 200 धरली, तर काम 10 ज्यूल. पुढची वाट दोघींची सारखीच झाली असं मानलं तरी 20 ज्यूलचा फरक पडला. 20 ला 590 ने भागा: 3.4 सेंटिमीटर.

प्रत्यक्षात दिसणारा फरक याच मापाचा असतो. यातले बलाचे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत, पण त्यांचा आवाका खरा आहे. कंडरेतल्या साठ्याबद्दल एक शब्दही न काढता आपण त्या सेंटिमीटरांपर्यंत पोचलो, हे मात्र लक्षात घ्या.

मार्टिन बॉबर्ट आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी 1996 मध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन प्रयोग आणि संगणकीय मॉडेल अशी दोन्ही अंगांनी तपासणी केली. त्यांचा निष्कर्ष असा की झोक्याची उडी उंच जाण्याचं मुख्य कारण म्हणजे आखडायला सुरुवात होण्याआधीच स्नायूला पुरेसा सक्रिय होऊन बल उभारायला मिळालेला वेळ.

मग स्प्रिंगचं काय?

हा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. कंडरा स्प्रिंगसारखी वागते यात वाद नाही. जितकं बल तितकी ती ताणली जाते, आणि सुटताना साठवलेल्यापैकी साधारण 90 टक्के ऊर्जा परत देते. तळाशी बल दुप्पट असेल तर झोक्याच्या उडीत तळाशी कंडरेत साठाही जास्त असणार. मग फायदा साठ्याचाच झाला ना?

इथे एक बारकावा आहे. दोन्ही उड्यांत तळाशी घोट्याचा, गुडघ्याचा आणि खुब्याचा कोन सारखाच आहे. कोन सारखे, म्हणजे स्नायू आणि कंडरा मिळून जी लांबी होते ती दोन्ही उड्यांत सारखी. झोक्याच्या उडीत कंडरा जास्त ताणलेली असेल तर त्याच लांबीत बसण्यासाठी स्नायूचे तंतू तेवढेच आखूड असले पाहिजेत. म्हणजे तंतूंना पुढे आखडायला अंतर कमी उरलं. कंडरेने जास्त दिलं, तंतूंनी कमी दिलं.

स्क्वॉट जंपमध्ये उलट घडतं. तंतू लांब असतात. जोर लावायला लागल्यावर ते आधी कंडरा ताणतात, म्हणजे स्वतःच्या कामाची ऊर्जा तिच्यात ठेवतात, आणि उडीच्या शेवटी शेवटी ती परत मिळते. कंडरेतला साठा तिथेही होतो, फक्त तो खाली पडणाऱ्या शरीराकडून न येता स्नायूच्या कामातून येतो.

म्हणूनच 'साठली आणि मिळाली' एवढ्याने फरक समजत नाही. बेरीज जास्त का होते, तर सुरुवातीच्या अंतरात सांध्यांवरचं बल जास्त असतं म्हणून. ती ऊर्जा कंडरेमार्गे आली असेल, पण ती आली कारण बल आधीच उभं होतं. पेपरात एवढं लिहिलंत तरी तपासणारा तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

आणि स्ट्रेच रिफ्लेक्स?

गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, तोच रिफ्लेक्स. स्नायू झटकन ताणला की मज्जारज्जूतून परत आदेश येतो. पोटरीच्या स्नायूत हा आदेश यायला साधारण 0.04 सेकंद लागतात, आणि त्यानंतर प्रत्यक्ष बल वाढायला आणखी थोडा वेळ. जलद उड्यांमध्ये त्याची मदत होते असं मानायला आधार आहे. पण झोक्याच्या उडीत मांडीचे स्नायू ब्रेक लावण्यासाठी आपल्याच इच्छेने आधीपासून जोरात काम करत असतात. तिथे रिफ्लेक्सला मुख्य पात्र करण्याची गरज मला दिसत नाही.

तळाशी थांबलं तर?

बैठका मारणाऱ्या कुणालाही हे अंगाने ठाऊक असतं. तालावर सलग बैठका मारताना खालून वर येणं सोपं जातं. वस्तादाने 'खाली थांब' म्हटलं आणि तिथून वर यायला सांगितलं की तीच बैठक जड होते.

वरच्या हिशेबाने याचं कारण लगेच मिळतं. थांबलं की वजन पेलायला 590 न्यूटनच लागतात, मग 1190 धरून ठेवायचं काही कारणच उरत नाही. शरीर स्थिर असेल तर बल वजनाइतकंच असणार, न्यूटनचा नियमच तसा आहे. स्नायूंची सक्रियता उतरते, कंडरा थोडी आत येते, आणि झोक्याची उडी हळूहळू स्क्वॉट जंप होते.

ही घट किती वेगाने होते? ऑस्ट्रेलियात विल्सन आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये बेंच प्रेसवर हे मोजलं. दांडा छातीजवळ आणून वेगवेगळा वेळ थांबायचं आणि मग वर ढकलायचं. सायकलचा फायदा सुमारे 0.85 सेकंदात निम्मा होतो असं दिसलं. तो आकडा हातांचा आणि जड भाराचा आहे, तसाच्या तसा उडीला लावू नका. पण स्क्वॉट जंप घेताना दोन-तीन सेकंद थांबायला का लावतात ते यावरून कळतं. अर्धा सेकंद थांबलेली उडी धड ही नाही, धड ती नाही.

वर्गात एकीने यावर फार चांगला प्रश्न विचारला होता: "मग खाली न जाताच, थांबलेल्या स्थितीत आधी पूर्ण जोर उभारला आणि मग उडी सोडली तर?" तत्त्वतः फायदा मिळायलाच हवा. टोळ हेच करतो. मागच्या पायाचे वाकवणारे आणि सरळ करणारे दोन्ही स्नायू एकाच वेळी आखडून तो जोर साठवतो आणि मग वाकवणारा सोडून देतो. आपल्या गुडघ्याला अशी कडी नाही. आपल्याला जोर उभारायला विरोध हवा असतो, आणि खाली पडणारं आपलंच शरीर तो विरोध फुकट पुरवतं.

जिथे खरोखर स्प्रिंगचं राज्य असतं

आता दोरीवरच्या उड्या घ्या, किंवा नवरात्रात गरब्याच्या ठेक्यावर तास तास चालणाऱ्या त्या लहान लहान उसळ्या. गुडघा फारसा वाकत नाही, सगळा खेळ घोट्याचा. पाय जमिनीवर 0.2 सेकंद टिकतो न टिकतो तोच उचलला जातो. इथे जोर उभारायला वेळच नाही. म्हणून चेतासंस्था वेगळी युक्ती वापरते: पाय टेकण्याच्या सुमारे 0.1 सेकंद आधीच पोटरी कामाला लागते. जमीन लागते तेव्हा झोळ निघालेला असतो.

या उसळ्यांमध्ये स्नायूचे तंतू फारसे लांबत-आखडत नाहीत, हे अल्ट्रासाऊंडने थेट बघता येतं. तंतू जवळजवळ एका लांबीवर घट्ट धरून राहतात आणि ताणली जाते ती टाचेमागची अ‍ॅकिलीस कंडरा. आपण 'स्नायू लांबला, मग आखडला' म्हणतो तेव्हा खरं तर स्नायू-कंडरेची जोडी लांबते आणि आखडते. तंतू त्या वेळी निराळंच काही करत असू शकतात. सायकलच्या नावावरून हे उमगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

साठा किती असतो? केर आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये केलेला अंदाज प्रसिद्ध आहे: 70 किलोचा माणूस मध्यम वेगाने धावताना दर पावलाला अ‍ॅकिलीस कंडरेत सुमारे 35 ज्यूल आणि तळपायाच्या कमानीत सुमारे 17 ज्यूल. 35 ज्यूल म्हणजे त्या माणसाला 5 सेंटिमीटर उचलण्याइतकी ऊर्जा. उंच उडीच्या दृष्टीने हे मोठं वाटत नाही. पण शरीर दर पावलाला काही सेंटिमीटरच वर-खाली होत असेल तर एवढं परत मिळणं म्हणजे स्नायूचा मोठा खर्च वाचला. कंडरेची खरी कमाई काटकसरीत आहे. तास तास गरबा खेळूनही पोटऱ्या टिकतात त्यात तिचा वाटा आहे.

जमिनीवरचा वेळ 0.25 सेकंदापेक्षा कमी असेल तर जलद सायकल आणि जास्त असेल तर मंद सायकल, अशी विभागणी श्मिटब्लायशर यांनी केली आणि ती रूढ झाली. लांब उडीचा शेवटचा पाय फळीवर सुमारे 0.12 सेकंदच असतो, म्हणून ती जलद. झोक्याची उडी मंद. एकाच नावाखाली ही दोन टोकं येतात आणि एका टोकाचं स्पष्टीकरण दुसऱ्याला चिकटवल्यानेच सुरुवातीचा तो गोंधळ होतो.

ड्रॉप जंप मधल्या पट्ट्यात येते आणि ती सहज बिघडते. समजा, आपल्या विद्यार्थिनीने 30 सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून उतरून 0.20 सेकंदात उसळी घेतली आणि 28 सेंटिमीटर उडाली. उंची मीटरमध्ये घेऊन जमिनीवरच्या वेळेने भागली की 1.4. आता ठोकळा 60 चा केला. उडी 29 झाली, पण जमिनीवरचा वेळ 0.33 सेकंद. भागाकार 0.88. उंची बघणारा कोच खूश होईल, पण टाच आपटली, गुडघे खोल गेले आणि जलद सायकलची उडी मंद सायकलची होऊन बसली. दुप्पट उंचीवरून पडताना थोपवायची ऊर्जा दुप्पट होते, पोटरी ती घट्ट राहून पेलू शकत नाही, मग मांडी मदतीला येते. कान उघडे ठेवा. टाचेचा 'धप्' असा आवाज आला की ठोकळा उंच झाला.

मोजताना फसगत

फोर्स प्लेट सगळीकडे नसते. बहुतेक विद्यार्थी मोबाइलने हवेतला वेळ मोजतात आणि या सूत्राने उंची काढतात:

h = g × t² ÷ 8

0.500 सेकंदांची उडी 30.7 सेंटिमीटर येते आणि 0.525 ची 33.8. म्हणजे आपण ज्या फरकाच्या मागे आहोत तो सेकंदाच्या चाळिसाव्या भागात बसलेला आहे. व्हिडिओ सेकंदाला 60 चौकटींचा असेल तर एक चौकट चुकली की उंची 2 सेंटिमीटरने चुकते. 240 चौकटींचा स्लो मोशन घेतला तर ती चूक अर्ध्या सेंटिमीटरवर येते. त्याहून वाईट चूक उतरण्यात होते. गुडघे वाकवून उतरलं की पाय उशिरा टेकतात आणि वेळ फुकट वाढतो. निघताना पाय जसे सरळ होते तसेच उतरताना हवेत.

आणि स्क्वॉट जंपमधली लबाडी, जी बहुतेक वेळा नकळत होते: 'उडा' म्हटल्यावर कंबर इंचभर खाली जाऊन मगच वर येते. डोळ्याला दिसत नाही. फोर्स प्लेटवर मात्र आलेख वर चढण्याआधी वजनाच्या रेषेखाली बुडतो, आणि ती उडी बाद. प्लेट नसेल तर कंबरेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून बाजूने चित्रण करा आणि पट्टी खाली सरकते का बघा. हात कमरेवरून सुटले तरी उडी बाद धरा, हातांच्या झोक्याची कमाई आपल्या फरकापेक्षा मोठी असू शकते.

फरक मोठा असेल तर खेळाडू चांगला?

झोक्याच्या उडीची उंची भागिले स्क्वॉट जंपची उंची, हा भागाकार अनेक ठिकाणी 'सायकल वापरण्याची क्षमता' म्हणून नोंदवतात. वरच्या आकड्यांत 33.8 भागिले 30.7, म्हणजे 1.10. भागाकार जितका मोठा तितका खेळाडू स्प्रिंगचा उपयोग चांगला करतो, अशी समजूत आहे.

पहिली समजूत ढासळली की ही टिकत नाही. समजा, दुसऱ्या एका मुलीची स्क्वॉट जंप 36.0 आहे आणि झोक्याची उडी 37.5. भागाकार 1.04. कागदावर ती 'कमी'. प्रत्यक्षात दोन्ही उड्या तिच्याच उंच आहेत. तिचा फरक लहान आहे कारण ती थांबलेल्या स्थितीतूनही झटकन जोर उभारते, तिला झोळ काढायला झोक्याची फारशी गरज पडत नाही. पहिलीचा मोठा भागाकार सायकलचं कौशल्य दाखवतो, की संथ सुरुवात झाकतो, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. 2017 मध्ये व्हॅन हूरेन आणि झोलोटार्योव्हा यांनी या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन हाच इशारा दिला: मोठा फरक चांगलाच असतो असं धरू नका.

खो-खोच्या चौकात बसलेली आक्रमक आठवा. पाठीवर थाप पडते, 'खो' ऐकू येतो आणि वाकलेल्या गुडघ्यांवरून तिला तत्क्षणी निघायचं असतं. खाली झोका घ्यायला ना वेळ असतो ना जागा, बसलेली ती आधीच खाली आहे. तिच्यासाठी स्क्वॉट जंप हीच खेळाला धरून असलेली चाचणी, आणि भागाकार कमी आला म्हणून तिच्याकडून दोरीवरच्या उड्यांचा रतीब घालून घेणं म्हणजे वेळ वाया. तिला थांबलेल्या बैठकीतून जोरात उठण्याचा सराव हवा, झोका न घेता.

व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारणाऱ्या मुलीची गोष्ट निराळी. तिला तीन-चार पावलांची धाव मिळते, शेवटचं पाऊल रोवताना ब्रेक लावत बल उभारता येतं. तिची झोक्याची उडी आणि ड्रॉप जंप मोजा, जमिनीवरचा वेळही सोबत लिहा. तिच्याच संघातली ब्लॉकर जाळ्याजवळ गुडघे थोडे वाकवून वाट बघत असते. समोरचीने पास कुठे दिला ते कळल्यावर तिला खोल झोका घ्यायची सवड कधी असते, कधी नसते. तिच्या दोन्ही उड्या मोजून ठेवा. फरक 5 सेंटिमीटरच्या वर गेला तर पहिल्यांदा तिची थांबलेल्या स्थितीतली सुरुवात तपासा, मग कंडरेबद्दल बोलू.